बनुबाई आणि चोवीस तासांचा कागद

आमच्या लॅबोरेटरीत बाटल्या धुणाऱ्या बनुबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला फारच येत होतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मी मूळचा साताऱ्याचा. मॅट्रिकला संस्कृतात चांगले मार्क होते, ही गोष्ट मी चाळिशी उलटली तरी कुणाला विसरू देत नव्हतो. पुण्याला तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि सांगलीत डॉक्टर साठ्यांच्या लॅबोरेटरीत चिकटलो. रक्त, लघवी, थुंकी तपासायची, आकडे काढायचे, डॉक्टर सही करायचे. बनुबाई माझ्याआधी चार वर्षं तिथं होत्या. त्यामुळे मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनीच मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "सायब, हात थरथरत न्हाईत न्हवं? आदीच्याचं थरथरायचं. लय नळ्या फोडल्यान त्यानं."

उंच, सडसडीत बाई. हिरवं नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, सकाळी मिश्री लावल्याशिवाय कामाला हात लावायच्या नाहीत. माहेर कुंडलचं. नवरा केरबा, पलटणीतून पेन्शनीत आलेला, हळदीच्या गोदामावर राखणदार होता. मूलबाळ नव्हतं. बाटली धुवून झाली की ती दाराशी नेऊन उन्हात धरायच्या आणि एक डोळा मिटून आत बघायच्या. मी पास केलेली बाटली त्यांनी नापास केल्याचं अनेकदा घडलं. त्यांनी पास केलेली मी नापास केली असं आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी त्यांच्यासमोर सांगायची माझी छाती नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, आमच्याकडे चोवीस तासांच्या लघवीची तपासणी वाढली. मूत्रपिंडं चोवीस तासांत किती काम करतात ते मोजायचं, तर चोवीस तासांची सगळी लघवी हवी. थेंबसुद्धा इकडे तिकडे चालत नाही. पण पेशंट काय काय आणायचे! कुणी सलाइनच्या बाटलीत वाटीभर आणून म्हणायचं, "नमुना हाय, साहेब, बाकीची घरी हाय." कुणी दोन दिवसांची आणायचं, वर म्हणायचं जास्त झाली तर वाईट काय. आमच्या तपकिरी काचेच्या अडीच लिटरच्या बाटलीत नासू नये म्हणून टोलुईन नावाचं औषध घातलेलं असायचं. त्याला रॉकेलसारखा वास. घरच्या बायकांना तो वास म्हणजे घाण वाटायची. त्या बाटली राखेनं घासून लख्ख करून मगच पेशंटच्या हातात द्यायच्या. औषध मोरीत जायचं आणि बाटली माझ्या नशिबी यायची.

शेवटी मी चिडून एक सूचनापत्रक लिहिलं. स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती काढल्या. आजही मला ते पाठ आहे. "प्रातःकाळी ठीक सात वाजता मूत्राशय पूर्णतः रिक्त करावे व ते मूत्र टाकून द्यावे. तदनंतर दुसऱ्या दिवशीच्या प्रातःकाळी ठीक सात वाजेपर्यंतचे, सातचे धरून, संपूर्ण मूत्र स्वच्छ पात्रात घेऊन बाटलीत ओतावे. बाटलीतील औषध टाकून देऊ नये, बाटली धुऊ नये, विस्तवाजवळ अथवा विडी पेटवताना जवळ नेऊ नये. बाटली शीतल व अंधाऱ्या जागी, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी. एकही वेळ चुकल्यास सर्व टाकून नव्याने आरंभ करावा. बाटलीवर नाव, आरंभाची व समाप्तीची वेळ लिहून, बूच घट्ट लावून, संपूर्ण बाटली त्याच दिवशी लॅबोरेटरीत द्यावी." असे नऊ मुद्दे. डॉक्टर साठ्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "छान आहे. जरा संस्कृत झालंय." मी ती स्तुती समजलो.

त्या पत्रकानं फरक पडला, नाही असं नाही. पण आता खरं सांगतो, फरक निम्मा माझा आणि निम्मा बनुबाईंचा. पेशंट कागद घेऊन बाहेर पडला की जिन्याच्या पायरीवर बनुबाई त्याला गाठायच्या. एकदा मी चोरून ऐकलं. "आवं तात्या, हिकडं बघा. सकाळी सातला जी हुईल ती रातीची. ती आपली न्हवं. ती टाकायची. मग दिसभराची, रातीची समदी धरायची, आणि उद्या सातला जी हुईल ती आपली. ती सोडायची न्हाई. कळलं का? पयली टाकायची, शेवटची धरायची." तात्यांना एका दमात कळलं. माझ्या पहिल्या दोन मुद्द्यांना सहा ओळी लागल्या होत्या. मला त्या बाईचा रागच आला, उगीच कशाला खोटं बोलू.

तर अशात शालूबाईची बाटली आली.

शालूबाई ही कुंडलच्या शिवारातल्या एका ऊसवाल्या घरातली सून. वय बावीस-तेवीस. नवरा लालासाहेब पलटणीत, महिन्याच्या रजेवर आलेला. आदल्या वर्षी पहिल्या बाळंतपणात हिच्या अंगावर सूज आली, रक्तदाब चढला, झटके आले, आणि मूल गेलं. हीसुद्धा जेमतेम वाचली. आता पुन्हा दिवस राहायच्या आधी मूत्रपिंडं धड आहेत का ते बघायचं, असं बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. मूत्रपिंडं ठीक निघाली तर जपून दुसरं मूल होऊ देता येईल. नाही निघाली तर त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, जिवाशी खेळ आहे.

लालासाहेबानं माझं पत्रक दोनदा वाचलं. सूचना अशा वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शेवटी टाचा जुळवल्या नाहीत एवढंच. "सर, एक थेंब सांडणार नाही," म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी बाटली आली ती ओल्या गोणपाटात, वर खडूनं नाव, सुरुवात सात शून्य शून्य, शेवट सात शून्य शून्य. मला भरून आलं. असे पेशंट असतील तर देश कुठच्या कुठे जाईल असं मला वाटलं.

मोजली तर पाचशे वीस मिलिलिटर. रक्त काढलं, दोन्हीतलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा मळ, मोजलं, गणित केलं. मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त साफ करतात त्याचा आकडा आला अडतीस. तरण्या बाईचा ऐंशीच्या वर हवा. म्हणजे निम्म्याहून कमी काम.

डॉक्टर साठ्यांनी चष्मा वर केला. "रक्त तर चांगलं दिसतंय. रक्त एक सांगतंय, लघवी दुसरंच. पुन्हा घ्या."

पुन्हा बाटली दिली, पुन्हा पत्रक दिलं. पुन्हा लालासाहेब सात शून्य शून्यला सुरू आणि सात शून्य शून्यला बंद. या वेळी पाचशे चाळीस, आणि आकडा चाळीस.

"दोनदा सारखं आलं," मी म्हणालो. "म्हणजे खरंच असणार."

डॉक्टरांनी रिपोर्टवर सही केली नाही. "शुक्रवार आहे आज. सोमवारी बघू," म्हणाले आणि दोन्ही कागद पेपरवेटखाली ठेवले.

बाहेर बाकावर शालूबाई, तिची सासू हरणाबाई आणि लालासाहेब बसले होते. मी त्यांना सांगितलं की सोमवारी या. हरणाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. त्या मुलाकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुजी रजा संपायला धा दिस हायत. काय ते आत्ताच ठरवायला पायजे. मामाची पोरगी हाय अजून घरात." लालासाहेबानं "आई, गप की," एवढंच म्हटलं. शालूबाई मान खाली घालून पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बनुबाई फडकं घेऊन त्याच बाकाच्या टोकाला फरशी पुसत होत्या. ती फरशी त्या दिवशी त्यांनी फार वेळ पुसली.

सगळे गेल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातातलं फडकं पिळत म्हणाल्या, "सायब, त्यो तुमचा कागद मला वाचून दावा की."

"कशाला?"

"दावा म्हंतो न्हवं."

मी वाचला. जरा आवाज लावूनच वाचला. बनुबाई डोळे मिटून, बाटलीत बघतात तसं तोंड करून ऐकत होत्या. नववा मुद्दा संपला. त्या म्हणाल्या, "समदं झालं?"

"झालं."

"मग परसाकडचं कुटं हाय?"

मला कळेना. त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं सायब, तुमच्या साताऱ्यात, नि हितं सांगलीत, घरात संडास असत्यात. कुंडलला, मळ्यात, कुटं हाय? बायका पाटंचं अंधारात जात्यात नि सांजचं अंधार पडल्यावर जात्यात. चार-पाच जणी मिळून, तांब्या घिऊन. दिसभर गडीमाणसं हिकडं तिकडं, कुटं बसायचं? म्हनून पानीबी कमीच पित्यात. जी काय हुती ती त्या दोन वक्ताला. ती समदी रानात! तुमच्या बाटलीत काय आली? मधली येक-दोन वेळची, न्हाणीत घेतल्याली."

मी मनात हिशेब केला. रात्रभरची सगळ्यात मोठी लघवी पहाटे पाचला रानात, आणि सातच्या ठोक्याला न्हाणीत उरलेली चार चमचे. दोन्ही वेळा तशीच. दोनदा सारखं आलं कारण दोनदा सारखीच सांडली होती.

"पण लालासाहेबानं तर थेंब..."

"त्येला काय म्हाईत? बायकू पाटंचं कुटं जाती, किती येळ जाती, गडी कवा बघायला येतो का? आणि ती पोरगी त्येला सांगंल व्हय? तिला वाटलं आसंल, कागदात लघवी म्हनलंय, परसाकडंचं त्यात कुटं आलं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी तरी इचारलं का तिला?"

नव्हतं विचारलं. मी पेशंटच्या नवऱ्याशी बोलत होतो. तिच्याशी मी दोन वेळा मिळून एकच वाक्य बोललो होतो, आणि ते "मूठ आवळा" हे होतं.

"मी शनवारी सांजचं जातोच म्हाएरला," बनुबाई म्हणाल्या. त्या स्वतःला 'जातो' म्हणायच्या, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं. "येक बाटली द्या औषिद घालून. आणि ह्यातलं त्या सासूला आदी काय सांगू नका. उगा आशा नगं, आणि उगा वादबी नगं."

मी बाटली दिली. जाताना त्या दारात थांबल्या आणि वळून बघितलं. "सायब, मलाबी झालं न्हाई. आमच्या केरबानं दुसरी केली न्हाई. पर समदेच केरबा नसत्यात." एवढं बोलून निघून गेल्या.

पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं त्या कुंडलला उतरल्या, भावाकडे पिशवी टाकली आणि तशाच मळ्यात गेल्या. हरणाबाई त्यांना लांबच्या नात्यात आत्याच लागतात असं तिथं निघालं. कुंडलात कोण कुणाचं काही लागत नाही असं होतच नाही. बनुबाईंनी सोबत एक अॅल्युमिनियमची झाकणाची किटली नेली होती, दूध घालायला नेतात तसली. तांब्यात लघवी घेऊन चार बायकांत परत येणं शालूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. किटलीला कोण विचारतंय? आणि विचारलंच तर बनुबाई होत्या.

रविवारी सकाळी सातला पहिली टाकली. तिथून बनुबाई तिच्या मागं लागल्या. "पानी पी. जेवडी तान लागंल तेवडं पी, तोंड बांदून बसू नगं." न्हाणीच्या मागं कुडाचा आडोसा होता, तिथं त्या स्वतः राखण बसल्या. बाटली पाण्याच्या रांजणाशेजारी, सावलीत, ओल्या पोत्यात. पोतं वाळलं की पुन्हा पाणी. लालासाहेब विडी पेटवत रांजणाकडे आला तर त्याला "ए पलटन, मागं फिर!" म्हणून हाकललं. तो बिचारा खरंच मागं फिरला.

सांजचं बायका निघाल्या तेव्हा शालूबाई घुटमळली. किटली पदराखाली झाकायला लागली. शेजारची राहीबाई म्हणालीच, "किटली कशाला गं?"

"म्या सांगतो कशाला," बनुबाई म्हणाल्या. "डाक्टरला मापून द्यायची हाय. हिच्या लेकराचं काम हाय. आदी किटलीत करायचं, मग परसाकडं. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या." कुणी हसलं नाही. राहीबाईनं उलट कंदील पुढं केला आणि म्हणाली, "झाकान नीट लाव गं, सांडंल." पहाटेही तसंच. पहाटेची किटली जवळजवळ निम्मी भरली होती असं सांगताना बनुबाईंचा चेहरा एखादीची म्हैस भरपूर दूध द्यायला लागल्यासारखा फुलला होता.

सोमवारी सातला शेवटची धरली, बूच लावलं आणि साडेसातची एसटी पकडली. तासगावपर्यंत उभ्यानं. बाटली बनुबाईंच्या कडेवर, उभीच्या उभी, लहान मूल घ्यावं तशी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काकवी दिसतिया. खाली ठेवा की." "न्हाई बाबा," त्या म्हणाल्या, "ही माज्या कडेवरच जानार."

साडेनवाला बाटली माझ्या टेबलावर आली. बनुबाईंनी ती हातात न देता टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "समदी हाय. आता तुमी सांडू नका." शालूबाई मागं उभी होती. मी या वेळी तिच्याकडे बघून बोललो. रात्री झोप लागली का, मधे एखादी वेळ चुकली का, सगळं विचारलं. तिनं पहिल्यांदाच मान वर करून सांगितलं, "न्हाई जी. येकबी न्हाई चुकली."

मोजली. तेराशे ऐंशी.

बाटली हलवून घेतली, नमुना काढला, रक्त घेतलं. पिक्रिक आम्ल घातल्यावर नारंगी रंग चढायला वीसेक मिनिटं लागतात, ती मला फार लांब वाटली. रंग मोजायच्या मशीनची सुई वाचली, गणित केलं, पुन्हा केलं. अठ्ठ्याऐंशी. लघवीतून प्रथिनही जात नव्हतं. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे पळालो, म्हणजे लॅबोरेटरीत पळू नये असा माझाच नियम होता तो मोडला. डॉक्टर साठ्यांनी पेपरवेटखालचे जुने दोन कागद काढून फाडले आणि तिसऱ्यावर सही केली. "रक्त खोटं बोलत नव्हतं तर," म्हणाले. मी म्हणालो, "लघवीही नव्हती बोलत, सर. खोटं बोलला माझा कागद."

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं की मूल होऊ द्यायला हरकत नाही, फक्त दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं आणि बाळंतपण दवाखान्यातच. हरणाबाई जिन्यात बसून रडल्या. मामाच्या पोरीचं नाव त्यानंतर निघालं नाही. लालासाहेबानं रजेचे उरलेले दिवस न्हाणीमागं विटांचा संडास बांधण्यात घालवले. नकाशा माझ्याकडून काढून घेतला, आणि आडोसा किती उंच हवा ते बनुबाईंकडून.

मी नवी स्टेन्सिल कापली. या वेळी टेबलाशी बनुबाई बसल्या आणि मी लिहून घेतलं. "सकाळी सात वाजता लघवी करा, ती टाकून द्या. तिथून पुढची सगळी धरा. परसाकडे जाताना आधी भांड्यात लघवी करा, मग परसाकडे बसा. शेतात, बाजारात, कुठेही गेलात तरी झाकणाची किटली बरोबर न्या. नेहमीसारखं पाणी प्या. उद्या सकाळी सातची शेवटची, ती सोडू नका." मी 'मूत्राशय' कुठेतरी घालायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "त्ये आमच्याकडं न्हाई." मी खोडलं. खाली लॅबोरेटरीचं नाव टाकलं तेव्हा मनातून वाटलं की तिथं त्यांचं नाव पाहिजे होतं. बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "नगं बया. कुंडलात समद्यांस्नी वाटंल, बनी ह्योच धंदा करती."

दुसऱ्या वर्षी श्रावणात एका सकाळी शालूबाई जिना चढून वर आली. मागं हरणाबाई, हातात पेढ्यांचा पुडा. शालूबाईच्या कडेवर दोन महिन्यांची मुलगी, काजळाचा टिळा गालभर पसरलेला. पत्रानं लालासाहेबाला कळवलं होतं आणि त्यानं उलट टपाली विचारलं होतं की वजन किती. बनुबाई हातातली बाटली तशीच टाकीत सोडून आल्या. त्यांनी पोरीला घेतलं, दाराशी नेलं, उन्हात धरलं आणि एक डोळा मिटून बघितलं. मग पदरानं दोन्ही डोळे पुसले. मला वाटतं तेवढ्यात त्यांनी तिला पास केलं.

"घ्या सायब, तुमीबी घ्या की," म्हणून त्यांनी ती पोर माझ्या हातात दिली. मी लहान मुलांच्या बाबतीत अगदी अडाणी. दोन्ही हातांवर, ट्रे धरल्यासारखी धरली. तिनं माझ्याकडे गंभीरपणे बघितलं आणि माझ्या इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर गरम धार सोडली. कोट भिजला, बाही भिजली, टेबलावरच्या नव्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर चार थेंब पडले. शालूबाई "अगं बाई!" म्हणून पुढं धावली. हरणाबाईंनी जीभ चावली.

बनुबाई जागच्या हलल्या नाहीत. "ऱ्हाऊ द्या, सायब," त्या म्हणाल्या. "पयली हाय. पयली टाकूनच द्यायची असती."